स्विचचा डॉक टीव्हीला जोडलाय, पण रोज रात्री साडेआठला चित्र गायब!

पन्हाळ्याचा_पाऊस

मंडळी, बारा दिवस डोकं खाऊन झालं, आता तुमच्यासमोर मांडतो.

मेहुणे न्यू जर्सीहून आले तेव्हा लेकीसाठी निन्टेन्डो स्विच घेऊन आले. ओलेड पडद्याचा, पांढऱ्या डॉकवाला. डॉक टीव्हीशेजारी ठेवला, पाठीमागचं झाकण उघडून एका भोकात पॉवरची वायर, दुसऱ्यात एचडीएमआय, कन्सोल वरून आत सरकवला. टीव्हीवर झकास चित्र आलं. लेक खूश, मी खूश.

रात्री जेवायच्या आधी खेळत बसली होती आणि एकदम टीव्ही काळा. ‘नो सिग्नल’. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लावून बघितलं तर व्यवस्थित चालू! रात्री परत गेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. रविवारी दिवसभर चाललं आणि साडेआठ-पावणेनऊला बंद. जणू कोणी वेळ लावून ठेवली आहे.

आत्तापर्यंत केलेले उद्योग: दोन नव्या एचडीएमआय केबल आणल्या, एक साधी आणि एक सोनेरी टोकांची महागडी. टीव्हीचे तिन्ही पोर्ट बदलून बघितले. टीव्हीच्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला दुपारी, तेव्हा अर्थातच सगळं सुरळीत. तीनशे रुपये घेऊन गेला.

कन्सोल हातात घेऊन चार्जिंगला लावला की मस्त चार्ज होतो, त्यामुळे वीज पोचतेय हे नक्की. डॉक खराब की कन्सोल? मेहुणे आता परत गेले, त्यामुळे बदलून घ्यायची सोय नाही.

वॅटसम्राट

एचडीएमआयच. शंभर टक्के. संध्याकाळपर्यंत टीव्ही तापतो, पोर्ट सैल होतो. पाचशेच्या आतली केबल घेतलीत की हे होणारच. चार्जर किती वॅटचा आहे?

पन्हाळ्याचा_पाऊस

चार्जर ६५ वॅटचा आहे, दोन टाइप-सी पोर्टवाला. इथल्याच दुकानातून नवा घेतला. डब्यात आलेला ठोकळा अमेरिकेचा, ११० व्होल्टवाला. इथे लावला तर धूर निघायचा म्हणून कपाटात ठेवून दिलाय.

वॅटसम्राट

६५ म्हणजे भरपूर झाले. स्विच टीव्हीवर खेळताना जेमतेम दहा-पंधरा वॅट खातो. त्यामुळे पॉवरचा प्रश्नच निकाली. केबल बदला.

मुक्ता_मल्टीमीटर

थांबा थांबा, तिसरी केबल आणू नका. मी चार्जरच्या टेस्टिंगमध्ये काम करते, आणि ही कथा आमच्याकडे वेगवेगळ्या वेषात येत असते. तीन गोष्टी सांगा:

१. चित्र जातं तेव्हा डॉकच्या पुढच्या बाजूचा छोटा हिरवा दिवा चालू असतो की बंद?
२. त्या क्षणी गेम बंद पडतो, की आवाज कुठून तरी येत राहतो?
३. चार्जरवर बारीक अक्षरात जे छापलंय ते जसंच्या तसं इथे उतरवा. सगळं. नुसतं ‘६५ वॅट’ नको.

आणि कपाटातला मूळ ठोकळा काढून त्यावर ‘इनपुट’ समोर काय लिहिलंय तेही बघा. मला उत्तर ठाऊक आहे, पण तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं.

अण्णा_नाशिककर

आमच्या सेट-टॉप बॉक्सचं असंच झालं होतं. अ‍ॅडॅप्टर गेला. दुकानदाराने १२ व्होल्टचा दुसरा दिला, पण अँपिअर कमी होते. थोडा वेळ चालायचा आणि बॉक्स रीस्टार्ट व्हायचा. शेवटी दोन अँपिअरचा आणला तेव्हा सुटलो. तुम्हीही १२ व्होल्ट, दोन अँपिअरचा घ्या, स्वस्तात मिळतो.

मुक्ता_मल्टीमीटर

अण्णा, तुमचं निदान तुमच्या बॉक्ससाठी अगदी बरोबर होतं, पण इथे १२ चा आणून चालणार नाही. गोल पिनच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये एकच व्होल्टेज असतं. खोचला की तेच येणार, आवडो न आवडो. टाइप-सीवर आधी बोलणी होतात. खाणावळीत वाढपी येऊन ‘आज वांगं आहे, मटकी आहे, पिठलं आहे’ म्हणतो ना, तसं चार्जर आधी सांगतो की माझ्याकडे ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, प्रत्येकाला इतके अँपिअर. समोरचं यंत्र त्यातलं एक मागतं. बोलणी होईपर्यंत वायरीत फक्त ५ व्होल्ट असतात.

स्विचच्या डॉकला पिठलंच लागतं. म्हणजे १५ व्होल्ट. मूळ ठोकळ्यावर दोनच पदार्थ छापलेत: ५ व्होल्टला १.५ अँपिअर आणि १५ व्होल्टला २.६ अँपिअर. १५ गुणिले २.६ म्हणजे ३९ वॅट. डॉकला टीव्हीवर चित्र पाठवायचं असेल तर तेवढं कबूल करणारा चार्जर हवा. १२ व्होल्ट कितीही अँपिअरने दिलेत तरी डॉक हलत नाही.

वॅटसम्राट

पण ताई, खातो पंधरा आणि मागतो एकोणचाळीस? हे पटत नाही. मीटरवर बघितलंय मी, चार्ज पूर्ण असताना मोठ्या गेमलाही वीसच्या वर जात नाही.

मुक्ता_मल्टीमीटर

तुमचा मीटर खोटा नाही. पण डॉक प्रत्यक्ष खप बघून ठरवत नाही, चार्जरने काय कबूल केलं ते बघून ठरवतो. कारण खेळ चालू असताना बॅटरी रिकामी असेल तर तीही भरायची असते, बाजूच्या दोन यूएसबी पोर्टवर कोणी कंट्रोलर चार्जिंगला लावतं, आणि डॉकमधल्या चिपलाही वीज लागते. हे सगळं एकदम आलं तर पुरेल का, याची खात्री आधीच करून घेतात. लग्नाला शंभर माणसं येतील म्हणून दीडशेचा स्वयंपाक सांगतात तसं.

चिपचं सांगायचं तर, बऱ्याच जणांना डॉक म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं स्टँड आणि आत एक वायर असं वाटतं. कन्सोलच्या खालच्या टाइप-सीमधून एचडीएमआय निघतच नाही, डिस्प्लेपोर्ट जातीचा सिग्नल निघतो. डॉकमधली चिप त्याचं एचडीएमआयमध्ये रूपांतर करते. पुरेशा विजेची बोलणी जमली नाहीत तर कन्सोल टीव्हीच्या मोडमध्ये जातच नाही, मग चिपला रूपांतर करायला काही मिळतच नाही. टीव्हीच्या बाजूने बघाल तर वायर जोडलेली आहे पण पलीकडे कोणी नाही. म्हणून ‘नो सिग्नल’, आणि म्हणून सगळे केबलच्या मागे लागतात.

म्युनिकचा_मोरे

हे सगळं उगाच अवघड करताय असं वाटतं. माझ्याकडे स्टीम डेक आहे. तीस युरोचा साधा हब, फोनचा चार्जर, टीव्ही. कधीच अडचण नाही. परवा तर चार्जर न लावताच एक तास टीव्हीवर खेळलो. दोन्ही हातातलेच कन्सोल, दोन्हीला टाइप-सी.

मुक्ता_मल्टीमीटर

भोक सारखं, घराणं वेगळं. स्टीम डेक म्हणजे खरं तर छोटा संगणक. तो टाइप-सीवरून चित्र सरळ पाठवतो, वीज येवो न येवो. चार्जर दुबळा असेल तर कोपऱ्यात ‘स्लो चार्जर’ अशी सूचना देतो आणि पुढे चालू. स्विच आधी विजेची चौकशी करतो, मग चित्र. तुमचा अनुभव खरा आहे, पण पाऊसकाकांना लागू नाही.

पन्हाळ्याचा_पाऊस

मुक्ताताई, काल रात्री पहारा दिला. उत्तरं अशी:

दिवा बंद होतो. टीव्ही काळा झाला त्याच क्षणी हिरवा दिवा विझला.

गेम बंद पडत नाही! हे मला आजवर कळलंच नव्हतं. लेक म्हणाली, ‘बाबा, आवाज डॉकमधून येतोय.’ वाकून बघितलं तर कन्सोलचा स्वतःचा पडदा आतल्या आत पेटलेला, गेम चालूच.

चार्जरवर छापलेलं (भिंग लावून वाचलंय):

पहिला पोर्ट: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १२ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर.
दुसरा पोर्ट: तेच.
शेवटची ओळ: दोन्ही पोर्ट मिळून, ३० वॅट अधिक ३० वॅट.

म्हणजे १५ व्होल्ट ३ अँपिअर आहे की! मग?

मूळ ठोकळ्यावर इनपुट समोर १०० ते २४० व्होल्ट, ५० आणि ६० हर्ट्झ, असं आहे. मॉडेल HAC-002. आता मला स्वतःचीच लाज वाटायला लागली आहे.

मुक्ता_मल्टीमीटर

लाजू नका. अमेरिकेहून आलेली प्रत्येक वस्तू ११० ची, हे आपल्या घराघरात पक्कं बसलंय. मिक्सर-टोस्टरच्या बाबतीत खरंही असतं. पण हा ठोकळा आपल्या २३० वर आरामात चालतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर नको, फक्त चपट्या दोन पिनांना आपल्या सॉकेटमध्ये बसवणारं कन्व्हर्जन प्लग हवं. ते घट्ट बसणारं घ्या. सैल असलं तर ठिणग्या उडतात आणि मग पुन्हा चित्र जायला लागेल.

आता तुमच्या साडेआठच्या भुताकडे. शेवटची ओळ परत वाचा. आणि सांगा, रात्री साडेआठला त्या चार्जरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये कोण काय लावतं?

पन्हाळ्याचा_पाऊस

…

सौ. स्वयंपाक आवरून फोन चार्जिंगला लावते. रोज. तिथेच. मीच तिला सांगितलं होतं की नवा चार्जर दोन पोर्टचा आहे, तूही वापर.

आडिवऱ्याचा_आंबा

😂😂 वहिनींची माफी मागा आधी. आणि मेकॅनिकचे तीनशे विसरा.

मुक्ता_मल्टीमीटर

आता नेमकं काय होतं ते सांगते, कारण इथे वाचणाऱ्या अर्ध्या लोकांकडे असलाच चार्जर असणार.

एकटा पोर्ट वापरात असताना चार्जरची यादी लांबलचक असते, १५ व्होल्टला ३ अँपिअर. डॉक खूश. दुसऱ्या पोर्टमध्ये फोन खोचला की चार्जरला ६५ ची वाटणी करावी लागते. तुमचा चार्जर ३०-३० करतो. पण नवी वाटणी सांगण्याआधी असे बरेच चार्जर दोन्ही पोर्ट क्षणभर बंद करून पहिल्यापासून बोलणी सुरू करतात. त्या क्षणी डॉकची वीज गेली, दिवा विझला, चित्र गेलं. कन्सोलला स्वतःची बॅटरी आहे, म्हणून त्याला वाटलं की आपल्याला डॉकमधून काढलं. त्याने आपला पडदा लावला आणि आवाज आपल्या स्पीकरवर घेतला. वीज गेल्यावर होतं तेच.

पुढे पहिल्या पोर्टची यादी नव्याने येते, पण ३० वॅटची. ३० भागिले १५ म्हणजे २ अँपिअर. डॉकला हवेत २.६. १५ व्होल्ट आहे, पण पुरेसं नाही. म्हणून फोन काढेपर्यंत चित्र परत येत नाही. फोन शंभर टक्के भरला तरी फरक पडत नाही, कारण वाटणी ‘काय खोचलंय’ यावर असते, ‘किती खातंय’ यावर बहुधा नसते. सकाळी फोन काढलेला, म्हणून सकाळी सगळं चालू.

४५-२० अशी वाटणी करणारे चार्जरही मिळतात. त्यात ४५ च्या पोर्टवर १५ व्होल्ट ३ अँपिअर टिकून राहतं, म्हणून चित्र दोन-चार सेकंद जाऊन परत येतं. तिथे लोक म्हणतात की टीव्ही ‘मिचकावतो’.

वॅटसम्राट

मान्य. म्हणजे ३० वॅटचा साधा चार्जरही डॉकला चालणार नाही?

मुक्ता_मल्टीमीटर

मूळ डॉकला नाही. ३० वॅटवाल्यात १५ व्होल्ट असलंच तर २ अँपिअर असतं. ४५ वॅटवाल्यात बहुतेक वेळा १५ ला ३. म्हणून डब्यावरचा मोठा आकडा न बघता १५ व्होल्टची ओळ शोधायची आणि तिच्यापुढे २.६ किंवा जास्त आहे का बघायचं. काही जुन्या लॅपटॉपच्या चार्जरवर ५, ९ आणि एकदम २० असतं, मधलं १५ गायबच. तो ८७ वॅटचा असला तरी डॉकसमोर शून्य.

आणि अण्णा विचारायच्या आधीच सांगते: ३ अँपिअर छापलंय म्हणून ३ अँपिअर घुसत नाहीत. यंत्र लागेल तेवढेच ओढतं. मोठ्या चार्जरने कन्सोल जळत नाही.

आडिवऱ्याचा_आंबा

मग माझंही सांगतो. माझ्या फोनसोबत ८० वॅटचा चार्जर आला. फोन पाऊण तासात फुल्ल. म्हटलं हाच डॉकला लावू, ३९ च्या दुप्पट आहे. दिवा लागला नाही, काहीच नाही. चुलतभाऊ म्हणाला डॉक मेला. मग मित्राचा मूळ ठोकळा लावला तर चालू. आजवर कोडं होतं.

मुक्ता_मल्टीमीटर

त्या चार्जरला चपटं जुनं यूएसबी भोक आहे ना? टाइप-सी फक्त फोनच्या टोकाला?

आडिवऱ्याचा_आंबा

हो! तुम्हाला कसं कळलं?

मुक्ता_मल्टीमीटर

कारण ते ८० वॅट फक्त त्याच कंपनीच्या फोनसाठी असतात. त्यांची बोलणी आपापल्या खासगी भाषेत चालतात. लेबलवर बहुधा ५ व्होल्ट २ अँपिअर आणि ११ व्होल्ट ७.३ अँपिअर असं काही असेल. ११ गुणिले ७.३ म्हणजे ८० वॅट. डॉकला ती भाषा येत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला नुसते ५ व्होल्ट. शिवाय चपट्या यूएसबीकडून टाइप-सीकडे जाणाऱ्या वायरीत १५ व्होल्टची बोलणी करायला तारच नसते. तसली वायर डॉकच्या नादी लावूच नका.

हातात धरून मात्र स्विच त्या ५ व्होल्टवरही चार्ज होतो, हळूहळू का होईना. म्हणूनच पाऊसकाकांचं ‘चार्ज होतोय म्हणजे वीज पोचतेय’ हे फसवं होतं. चार्ज होणं ही डॉकची परीक्षा नव्हे.

सिंगापूरची_सई

मध्येच घुसते. माझ्याकडे आता स्विच २ आहे. नवा ठोकळा बेडरूममध्ये ठेवून हॉलमधल्या नव्या डॉकला जुन्या स्विचचा मूळ ठोकळा लावला. चार्ज होतो, टीव्हीवर येत नाही. आणि तो तर निन्टेन्डोचाच आहे, थर्ड पार्टी नाही!

मुक्ता_मल्टीमीटर

दुखणं तेच, फक्त पायरी वरची. स्विच २ सोबत येणारा ठोकळा ६० वॅटचा आहे, २० व्होल्टला ३ अँपिअर. जुन्यात २० व्होल्ट नाहीच. जुन्याने कन्सोल चार्ज करता येतो, पण नव्या डॉकवरून टीव्हीवर खेळायला नवाच हवा. कंपनी कोणतीही असो, डॉक छापील ओळ बघतो, आडनाव नाही.

अण्णा_नाशिककर

पण मी वाचलं होतं की बाहेरचे सामान लावल्याने कितीतरी कन्सोल कायमचे बंद पडले. मग हे सगळे प्रयोग कशाला? ओरिजनल वापरावं, झालं.

मुक्ता_मल्टीमीटर

तुम्ही वाचलं ते बहुधा मार्च २०१८ चं. ५.०.० या अपडेटनंतर काही बाहेरचे *डॉक* लावल्यावर कन्सोल मेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. ते डॉकचं प्रकरण, चार्जरचं नाही. मूळ डॉक आणि १५ व्होल्ट नीट देणारा बाहेरचा चार्जर ही जोडी माझ्या टेबलावर महिनोन् महिने चालली आहे. चुकीचा चार्जर लावला तर नुकसान सहसा एवढंच, की चित्र येत नाही. पण बिननावाचा, शंभर रुपयांचा, लेबलवर काहीही छापणारा चार्जर असेल तर अण्णांचं ऐका.

पन्हाळ्याचा_पाऊस

आज संध्याकाळचा प्रयोग, पुढच्यांच्या उपयोगासाठी.

आधी सौ.चा फोन काढला, गेम चालू केला, चित्र छान. मग लेकीला बघत बसायला सांगून मी फोन दुसऱ्या पोर्टात खोचला. टक्! दिवा विझला, टीव्ही काळा, आवाज डॉकमधून. फोन काढला, तीन-चार सेकंदांत चित्र परत. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. लेक आता ते मुद्दाम करून मैत्रिणींना दाखवते.

शेजारच्या इंजिनिअर मुलाने टाइप-सीचा छोटा मीटर आणून चार्जर आणि डॉकच्या मध्ये लावला. फोन नसताना पडद्यावर १४.९ व्होल्ट. फोन खोचला की आकडा एकदम ५ वर, मग परत १४.९, पण डॉकचा दिवा बंदच. म्हणजे ताई म्हणाल्या तसंच, १५ परत येतात पण अँपिअरचं वचन अपुरं. हे मीटरवर दिसत नाही म्हणून तो मुलगा बराच वेळ डोकं खाजवत होता. मीटर व्होल्ट दाखवतो, वचन दाखवत नाही!

मग मूळ ठोकळा. कन्व्हर्जन प्लग लावून सॉकेटमध्ये, वायर डॉकला. काहीच नाही. दिवाही नाही. म्हटलं झालं, उडवला.

मुक्ता_मल्टीमीटर

घाबरू नका. त्या ठोकळ्याला सॉकेटमधून आणि डॉकमधून, दोन्ही टोकांनी काढा. निदान अर्धा मिनिट तसाच ठेवा. सैल पिनमुळे वीज आत-बाहेर झाली की तो स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसतो. मग एक्स्टेन्शन बोर्ड टाळून सरळ भिंतीत लावा.

क्रमही पाळा. कन्सोल डॉकच्या बाहेर. आधी ठोकळा भिंतीत, मग त्याची वायर डॉकच्या AC ADAPTER भोकात, मग HDMI OUT मधून टीव्हीला, मग टीव्हीवर तोच इनपुट निवडून ठेवायचा, आणि सगळ्यात शेवटी कन्सोल, पडदा डॉकच्या पुढच्या बाजूला ठेवून, तळाशी ‘खट्’ बसेपर्यंत. मागचं झाकण लावताना वायरी त्या खाचेतून काढा, नाहीतर वाकून प्लग अर्धवट बाहेर येतो.

पन्हाळ्याचा_पाऊस

आलं!! कन्व्हर्जन प्लगच हलत होतं. दुसरं आणलं, घट्ट बसलं, दिवा लागला, चित्र आलं. फोन-चार्जर आता सौ.चा एकटीचा.

एक शंका: चित्र टीव्हीच्या कडांना थोडं कापलं जातंय. पॉवरचंच का?

मुक्ता_मल्टीमीटर

नाही, पॉवरचं दुखणं ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं असतं. कडा कापणं, रंग फिके, हे टीव्हीचं. टीव्हीच्या मेनूत पडद्याचा आकार ‘जसा आहे तसा’ करा. कन्सोलमध्ये System Settings → TV Settings मध्ये स्क्रीनचा आकार आणि TV Resolution आहे. टीव्ही फार जुना असेल आणि सुरुवातीलाच चित्र येत नसेल तर तिथे ७२०p करून बघतात. पण हे दिवा *चालू* असताना. दिवा बंद असेल तर या मेनूत फिरणं म्हणजे दिवाबत्ती नसलेल्या घरात भिंतीचा रंग निवडणं.

म्युनिकचा_मोरे

आता कळलं. बहिणीचा स्विच इथे येणार आहे, तिला माझा ६५ वॅटचा चार्जर देणार होतो. लेबल बघितलं, १५ व्होल्ट ३ अँपिअर आहे. एकच पोर्ट. म्हणजे ठीक?

मुक्ता_मल्टीमीटर

ठीक असायला हवा. वायर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली घ्या.

निशाचर

‘असायला हवा’ हे शब्द माझ्यासाठीच आहेत वाटतं. माझ्याकडे एक पोर्टवाला ४५ वॅटचा आहे, लेबलवर १५ व्होल्ट ३ अँपिअर स्पष्ट. दोन्हीकडे टाइप-सी वायर. मीटरवर १५ दिसतात. तरी डॉकचा दिवा लागत नाही, २०१७ चा जुना काळा डॉक. हाच चार्जर लॅपटॉपला उत्तम चालतो. वायरी तीन बदलल्या.

वॅटसम्राट

लेबल खोटं असेल. छापतात २.६ च्या वर आणि आत देतात दोन.

मुक्ता_मल्टीमीटर

शक्य आहे. दुसरी शक्यता, चार्जर यादी वेगळ्या क्रमाने किंवा उशिरा देतो आणि जुना डॉक तोवर वाट बघत नाही. स्विचची बोलणी सर्वसाधारण नियमांपेक्षा जरा स्वतःच्या पद्धतीने चालतात, त्यामुळे कागदावर बरोबर असलेला चार्जरही क्वचित नापास होतो. तिसरी शक्यता डॉकच. चार्जरची यादी वाचणारा मीटर मिळाला, नुसते व्होल्ट दाखवणारा नव्हे, तर पहिली शक्यता लगेच तपासता येईल. बाकी दोन मला इथून सांगता येणार नाहीत.

कन्सोल न खोचता नुसता डॉक चार्जरला लावून काय दिसतं?

निशाचर

मीटरवर ५. कन्सोल खोचला की १५ होतात, आणि एकदा तर दिवा क्षणभर लागून विझला.

मुक्ता_मल्टीमीटर

क्षणभर लागला? मग डॉक पूर्ण मेलेला नाही. मूळ ठोकळा लावून बघितल्याशिवाय मी पुढे काही बोलणार नाही.

निशाचर

मूळ ठोकळा घर बदलताना हरवला. ऑफिसातल्या एकाकडे आहे, शनिवारी देतो म्हणालाय. लावून सांगतो.